एका पानात अख्खी कादंबरी: एजंटसाठी कथासार शेवटापासून कसं लिहावं

कादंबरी लिहून झाली, दोन-तीन हात फिरवून झाले आणि आता ती साहित्य एजंटकडे पाठवायची म्हटलं, की त्यांच्या मागण्यांत एक ओळ दिसते: एका पानाचं सिनॉप्सिस, म्हणजे कथासार. ऐंशी-नव्वद हजार शब्द सहज लिहिलेली माणसं या एका पानापाशी अडकून बसतात. बहुतेकांचं अडतं ते एकाच कारणाने. ते पहिलं प्रकरण उघडतात आणि तिथून सारांश करायला लागतात. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी येतात तेव्हा पान भरलेलं असतं आणि गोष्टीला अजून तोंडही फुटलेलं नसतं. मग घाईघाईने उरलेली कादंबरी दोन ओळींत कोंबली जाते आणि शेवट तर बिचारा बाहेरच राहतो.

इथे सांगितलेली रीत उलटी आहे. आधी शेवट लिहायचा, मग ‘हे का झालं?’ असं विचारत विचारत मागे सुरुवातीपर्यंत यायचं, आणि हाती आलेली साखळी सरळ करून पानावर मांडायची.

एजंट हे पान कशासाठी वाचतात

एजंटकडे साधारणपणे तीन गोष्टी जातात: कादंबरीची ओळख करून देणारं क्वेरी पत्र, कादंबरीची सुरुवातीची पानं आणि कथासार. ब्रिटनमध्ये पत्र, पहिली तीन प्रकरणं आणि कथासार एकदमच मागण्याची पद्धत रूढ आहे. अमेरिकेत बरेच एजंट आधी पत्र आणि थोडी पानं पाहतात आणि कथासार मागितलं तरच पाठवायचं असतं. पत्राचं काम उत्सुकता निर्माण करायचं, म्हणून त्यात शेवट सांगत नाहीत. सुरुवातीच्या पानांवरून तुमची भाषा कळते. एवढं पाहून आवडलं तरी एजंटच्या मनात एक शंका उरते: सुरुवात छान जमली आहे, पण या माणसाला गोष्ट शेवटपर्यंत नेता आली आहे का? मध्येच ढिली पडते का? शेवट आधीच्या घटनांतून निघतो की वरून टपकतो? ही शंका फक्त कथासार फेडू शकतं, आणि तेही शेवट उघड सांगितला तरच. ‘पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा’ अशा ओळीने संपणारं कथासार पाहून एजंटची उत्सुकता वाढत नाही. लेखकाला हे पान कशासाठी मागितलंय तेच कळलेलं नाही, एवढंच त्यांना कळतं.

म्हणून मलपृष्ठावरच्या मजकुराची सवय इथे बाजूला ठेवा. ‘तिला सत्य सापडेल का?’ असे प्रश्न नकोत, कारण या पानावर लेखकाने विचारायचं नसतं, सांगायचं असतं.

पानाची बाह्य रचना

हे चटकन उरकू. अक्षर 12 पॉइंट, ओळींत एकेरी अंतर, चारी बाजूंनी साधारण एक इंच समास. वर एका ओळीत कादंबरीचं नाव, प्रकार, शब्दसंख्या आणि तुमचं नाव. कादंबरी भूतकाळात असो वा ‘मी’च्या तोंडून सांगितलेली असो, कथासार वर्तमानकाळात आणि तृतीय पुरुषात लिहायचं. पात्र पहिल्यांदा येतं तिथे त्याचं नाव ठळक करायचं आणि गरज असेल तर पुढे वय द्यायचं. इंग्रजीत यासाठी नाव मोठ्या लिपीत लिहितात. देवनागरीत ठळक केलं की काम भागतं.

इंग्रजीत अशा पानावर साधारण पाचशे शब्द बसतात. मराठीत शब्द लांब असल्याने त्याहून कमी बसतात, तेव्हा शब्द मोजत न बसता पान मोजा. आणि ते बसवण्यासाठी अक्षर 9 पॉइंट करू नका, समासही खाऊ नका. हे लगेच दिसतं. मात्र या सगळ्यापेक्षा त्या एजंटने स्वतः दिलेल्या सूचना मोठ्या. त्यांनी दोन पानं म्हटलं तर दोन, तीनशे शब्द म्हटलं तर तीनशे. काहीच म्हटलं नसेल तर एक पान सुरक्षित.

पहिली पायरी: शेवट लिहा आणि मागे चालू लागा

उदाहरणासाठी एक कादंबरी मनातच रचू. नाव ‘दुसरी सही’, रहस्याच्या अंगाने जाणारी सामाजिक कादंबरी, 84 हजार शब्द. नलिनी ही हस्ताक्षरतज्ज्ञ. तिच्या साक्षीवर यशवंत या हिशेबनिसाला खुनाची शिक्षा झाली आहे आणि बारा वर्षांनी त्याची मुलगी तिच्या दारात उभी राहते. कादंबरीत याखेरीज बरंच काही आहे: त्या मुलीचं एका पत्रकारावरचं प्रेम, नलिनीचं बहिणीशी तुटलेलं नातं, मृत्युपत्रावरून भांडणाऱ्या भावंडांचा एक लांब, गमतीदार खटला. लेखिकेचा जीव बहुधा त्या खटल्याच्या प्रकरणांत जास्त अडकलेला असणार. असतोच.

आता कोऱ्या कागदावर फक्त शेवट लिहायचा, दोन वाक्यांत: नलिनी कोर्टात शपथेवर सांगते की तिच्याच ताब्यातले अक्षराचे नमुने बदलले गेले होते. यशवंत सुटतो, तिचा शिष्य माधव खुनी ठरतो आणि तिचा व्यवसाय संपतो.

इथून मागे. ती हे सांगायला का उभी राहते? कारण माधवच्या अक्षराचा पुरावा असलेली जुनी वही तिने स्वतः यशवंतच्या मुलीला नेऊन दिली. का दिली? कारण यशवंतने तुरुंगात जीव द्यायचा प्रयत्न केला. त्याने तसं का केलं? कारण फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला. तो का फेटाळला गेला? कारण सगळं कळूनही नलिनी गप्प बसली. का गप्प बसली? कारण माधवला तिने मुलासारखं वाढवलंय. माधवने हे केलं हे तिला कळलं कसं? यशवंतची तुरुंगातली पत्रं आणि फाइलमधले नमुने ताडून पाहताना. ती पत्रं तिच्यापर्यंत कशी आली? यशवंतच्या मुलीने आणली.

सुरुवात आली. आठ-नऊ कड्या झाल्या, आणि त्यात पत्रकार नाही, बहीण नाही, मृत्युपत्राचा खटलाही नाही. त्यांना कुणी मुद्दाम वगळलं नाही. ‘का?’ या प्रश्नाच्या उत्तरात ते कुठे आलेच नाहीत. पुढून सारांश करायला बसलं की प्रत्येक घटना सोडताना जीव तुटतो; मागून येताना हा निर्णय आपोआप होतो. ज्या उपकथानकामुळे शेवट बदलत नाही ते या पानावर येत नाही, मग कादंबरीत त्याला कितीही जागा असो.

एक कसोटी मात्र लावून पाहायला हवी. काही उपकथानकं घटना पुढे ढकलत नाहीत, पण मुख्य पात्राच्या निर्णयाचं कारण पुरवतात. नलिनीने बहिणीशी नातं तोडलं ते बहिणीने घरातली एक चोरी झाकली म्हणून, असं कादंबरीत असतं, आणि त्या आठवणीनेच ती शेवटी माधवला झाकत नाही असं असतं, तर बहिणीला अर्धं वाक्य द्यावं लागलं असतं. आपल्या गोष्टीत तसं नाही, म्हणून बहीण गेली.

मागे येताना भोकं दिसतात

या उलट्या वाटेचा दुसरा उपयोग बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ‘का?’ला उत्तर देताना कुठे तरी जीभ अडखळते, आणि नेमकं तिथेच एजंटही अडखळणार असतात.

वरच्या साखळीत अशी एक जागा आहे. खुनानंतर सापडलेलं धमकीचं पत्र आणि यशवंतच्या अक्षराचे नमुने नलिनीने ताडून पाहिले आणि दोन्ही एकाच हातचे आहेत असं सांगितलं. ते खरंच एकाच हातचे होते, कारण माधवने खरे नमुने काढून त्यांच्या जागी स्वतः लिहिलेले ठेवले होते. चांगली कल्पना आहे. साक्ष खरी आणि निष्कर्ष खोटा. पण मग, आपले म्हणून दाखवले जाणारे नमुने आपले नाहीत हे यशवंतला कोर्टात दिसलं नाही का? त्याच्या वकिलाने काहीच विचारलं नाही?

कादंबरीत याचं उत्तर असेल तर ते अर्ध्या वाक्यात कथासारात यायलाच हवं: यशवंत ओरडून सांगत होता की हे अक्षर माझं नाही, पण आरोपी नाकारतोच असं धरून त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आणि कादंबरीत उत्तर नसेल तर अडचण कथासाराची राहत नाही. हस्तलिखित परत उघडावं लागेल. एजंटकडे पाठवण्याआधी हे कळलं तर उत्तमच, कारण एकदा नाकारलेली कादंबरी त्याच एजंटकडे पुन्हा पाठवायची संधी क्वचितच मिळते.

कुणाला नाव द्यायचं

एका पानात वाचकाला चार-पाच नावं लक्षात राहतात. त्यापुढचं प्रत्येक नाव आधीच्या एकाला पुसून टाकतं. आपल्या गोष्टीत नावं चौघांनाच: नलिनी, यशवंत, त्याची मुलगी इरा आणि माधव. ज्याचा खून झाला त्या मालकाला कादंबरीत नाव, गाव, स्वभाव सगळं असेल, पण कथासारात ‘पेढीचा मालक’ पुरे. माधवची बायको ‘गरोदर बायको’. न्यायाधीश, तुरुंगाधिकारी, सरकारी वकील यांना नाव नको. नावापेक्षा नातं किंवा काम सांगितलेलं लवकर कळतं.

सुरुवातीचा परिच्छेद

आता साखळी सरळ करून लिहायची. पहिल्या परिच्छेदात तीन गोष्टी बसायला हव्यात: मुख्य पात्र कोण, त्याला काय हवंय किंवा काय सांभाळायचंय, आणि कशाने त्याच्या आयुष्याची घडी मोडते. नवखा लेखक साधारण असं लिहितो:

> नलिनी ही एक हुशार पण एकाकी स्त्री आहे. तिने आयुष्यात अनेक चढउतार पाहिले आहेत. एका पावसाळी सकाळी ती खिडकीत बसलेली असताना दारावरची बेल वाजते. दारात एक तरुणी उभी असते. तिचं नाव इरा. इरा तिला एक विनंती करते आणि नलिनीचं आयुष्य कायमचं बदलून जातं.

सहा वाक्यं झाली आणि आपल्याला काय कळलं? पाऊस होता. विनंती कसली, आयुष्य बदललं म्हणजे काय झालं, ती हुशार कशात, यातलं काहीही नाही. कथासारात ‘एक विनंती’, ‘एक धक्कादायक सत्य’, ‘काही घटना’ असे शब्द दिसले की तिथे खरी माहिती झाकली गेलीय असं समजा आणि तो शब्द काढून ती माहिती लिहा. जागाही बहुतेक वेळा तेवढीच लागते.

पूर्ण पान

तेच तपशील घेऊन पूर्ण कथासार असं होईल:

> दुसरी सही / सामाजिक रहस्यकादंबरी / 84,000 शब्द / लेखिकेचं नाव
>
> हस्ताक्षरतज्ज्ञ नलिनी (58) हिच्या शब्दावर कोर्टं तीस वर्षं विश्वास ठेवत आली आहेत. नव्या प्रयोगशाळेचं संचालकपद तिला मिळणार आहे आणि जुनी प्रयोगशाळा ती शिष्य माधव (36) याच्याकडे सोपवणार आहे. माधव पोरका झाल्यावर तिनेच त्याला वाढवलं. अशात नवी वकील इरा (25) तिच्याकडे येते. बारा वर्षांपूर्वी इराचे वडील, हिशेबनीस यशवंत, यांना पेढीच्या मालकाच्या खुनासाठी जन्मठेप झाली, ती धमकीचं पत्र त्यांच्या हातचं असल्याच्या नलिनीच्या साक्षीवरून. ते पत्र पुन्हा तपासावं, अशी इराची मागणी आहे. नलिनी नकार देते. संचालकपदाआधी तिला जुना खटला उकरायचा नाही.
>
> इरा जाताना यशवंतची तुरुंगातली पत्रं ठेवून जाते. नलिनीला वाटतं, यशवंतने आता मुद्दाम अक्षर बदललं असावं. ते सिद्ध करून विषय संपवावा म्हणून ती जुनी फाइल काढते, आणि तिला उलटंच दिसतं: धमकीचं पत्र आणि फाइलमधले नमुने एकाच हातचे आहेत, पण तो हात यशवंतचा नाही. नमुने बदलले गेले होते. यशवंत हे तेव्हाच कोर्टात सांगत होता, पण आरोपी नाकारतोच असं धरून कुणी ऐकलं नाही, नलिनीनेही नाही.
>
> फाइलींच्या कपाटाची किल्ली फक्त तिच्याकडे आणि माधवकडे असते. माधवच्या शिकाऊ दिवसांतली, तिने स्वतः तपासलेली वही ती शोधून काढते. अक्षर तेच आहे. तिने जाब विचारल्यावर माधव कबूल करतो: पेढीच्या मालकाचं कर्ज त्याच्या डोक्यावर होतं, झटापटीत मालकाचा जीव गेला, आणि मालकाशी उघड भांडलेल्या यशवंतवर संशय जावा म्हणून त्याने पत्र लिहिलं व नमुने बदलले. त्याची बायको गरोदर आहे. तो गप्प राहण्याची विनवणी करतो. नलिनी वही कपाटात ठेवते आणि इराला सांगते की जुनी साक्ष बरोबर होती.
>
> नलिनीच्या या उत्तरामुळे यशवंतचा फेरविचाराचा अर्ज फेटाळला जातो. तो तुरुंगात जीव देण्याचा प्रयत्न करतो आणि थोडक्यात वाचतो. दवाखान्यात इरा आरोप करत नाही. फक्त वडिलांच्या, पेन धरता न येणाऱ्या हाताकडे बोट दाखवते. नलिनी वही इराच्या हवाली करते. इरा तिला बजावते की ताब्यातले नमुने बदलले गेल्याचं मान्य केलं तर तिचे सगळे जुने निष्कर्ष संशयात येतील. नलिनी प्रतिज्ञापत्रावर सही करते.
>
> कोर्टात माधवचा वकील विचारतो: तेव्हा चुकलेल्या बाईवर आज विश्वास का ठेवायचा? ठेवू नका, असं सांगून नलिनी वहीची तपासणी दुसऱ्या तज्ज्ञांकडून करून घेण्याची मागणी करते. त्यांचा निष्कर्षही तोच येतो. यशवंत सुटतो, माधवला अटक होते. माधवची बायको बाळाला घेऊन निघून जाते आणि नलिनीशी संबंध तोडते. संचालकपद जातं, प्रयोगशाळा बंद होते. आपल्या तीस वर्षांच्या सर्व निष्कर्षांची फेरतपासणी व्हावी, असा अर्ज नलिनी स्वतःच करते. इरा तिला माफ करत नाही, पण ते काम हाती घेते, आणि दोघी पहिली फाइल उघडतात.

या पानात काय केलंय

प्रत्येक परिच्छेदाचा शेवट पाहा. नकार देते, कुणी ऐकलं नाही, साक्ष बरोबर होती असं सांगते, सही करते, फाइल उघडतात. चारही जोड आधीच्या निर्णयाने किंवा चुकीने पुढच्याला बांधलेले आहेत. दोन घटनांच्या मध्ये ‘आणि मग’ घालून वाक्य ठीक वाटत असेल तर जोड कच्चा आहे. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ घालता आलं पाहिजे. नलिनी गप्प बसते, म्हणून अर्ज फेटाळला जातो. अर्ज फेटाळला जातो, म्हणून यशवंत जीव द्यायला निघतो. आपल्या कथासारावर पेन्सिलने हे शब्द लिहून पाहा. जिथे ‘आणि मग’शिवाय काही बसत नाही ते वाक्य एक तर काढायचं असतं, नाही तर त्याचं कारण लिहायचं राहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, घटनेबरोबर मनातलं कारण. ‘नलिनी जुनी फाइल काढते’ एवढंच लिहिलं असतं तरी कथानक कळलं असतं. पण यशवंतला खोटं पाडायला ती फाइल काढते, हे सांगितल्यावर ती कशी बाई आहे ते कळतं, आणि पुढचा धक्का तिला का बसतो तेही. भावना सांगायला वेगळं वाक्य लागत नाही. ‘नलिनी अतिशय व्यथित होते’ या वाक्यापेक्षा ती काय करते आणि कशासाठी करते हे लिहा. संवाद साधारणपणे टाळायचे. इथे वकिलाचा एकच प्रश्न ठेवला आहे, कारण तिच्या अखेरच्या निर्णयाला तोच चिथावतो.

तिसरी, खुनी कुठे उघड करायचा. कादंबरीत नलिनीला कळतं तिथेच, म्हणजे मध्यावर. कथासारातही क्रम तोच ठेवलाय. खुनी अगदी शेवटच्या प्रकरणात कळत असेल तर कथासारातही शेवटीच सांगावा, मात्र पूर्ण सांगावा: कोण, कसा, का, आणि नायकाला ते कशावरून कळलं. ‘खरा गुन्हेगार जवळचाच निघतो’ हे उत्तर नव्हे.

शेवटचा परिच्छेद

सगळ्यात जास्त कथासारं इथे कोलमडतात. पान तीन चतुर्थांश भरेपर्यंत नेटकं असतं आणि मग येतं: ‘अखेर नलिनी सत्याला सामोरी जाते आणि न्यायाचा विजय होतो.’ हा शेवट हजार कादंबऱ्यांना चिकटवता येईल. यात ती नेमकं काय करते ते नाही, त्याची किंमत काय मोजते ते नाही, आणि उरतं काय तेही नाही. शेवटात या तीनही गोष्टी हव्यात. नलिनी स्वतःवर विश्वास ठेवू नका असं सांगते, हे तिचं कृत्य. माधवचं घर, पद आणि प्रयोगशाळा जाते, ही किंमत. इराची माफी मिळत नाही पण एक काम सोबतीने सुरू होतं, हे उरलेलं.

कादंबरीचा शेवट मुद्दाम मोकळा सोडला असेल तर? तोही सांगायचा. ‘यशवंत घरी परतेल की नाही हे अनिर्णित ठेवून कादंबरी संपते’ असं सरळ लिहावं, पण अनिर्णित काय आहे ते नेमकं सांगावं आणि मुख्य पात्राचा निर्णय मात्र पूर्ण झालेला दिसावा. मालिकेतला पहिला भाग असेल तर या पुस्तकात जे संपतं ते संपवून दाखवा आणि पुढच्या भागाकडे उघडा राहणारा धागा एका वाक्यात सांगा.

पान बसवताना

पहिला खर्डा दीड-दोन पानांचा होतोच. कापताना विशेषणांपासून सुरुवात करू नका, त्यांनी पाच-सात शब्द वाचतात. आधी अख्ख्या कड्या तपासा: ही कडी काढली तर शेवट न समजण्याजोगा होतो का? होत नसेल तर काढा. मग ठिकाणांची वर्णनं, प्रवास, ‘दरम्यान’ने सुरू होणारी वाक्यं. मग वेळ दाखवणारे तपशील. ‘तीन आठवड्यांनी, एका संध्याकाळी’ याची कथासारात क्वचितच गरज असते. आणि पुस्तकाचं कौतुक तर पहिल्यांदा उडवा. ‘ही कादंबरी नात्यांच्या गुंतागुंतीवर प्रकाश टाकते’ असली वाक्यं लिहायची तर क्वेरी पत्रात, इथे नकोत.

कात्री लावताना पानाची विभागणीही पाहा. सुरुवातीच्या मांडणीने अर्धं पान खाल्लं असेल तर तोल गेलाय. वरच्या नमुन्यात इरा नकार घेऊन जाते तोवर जवळपास पावपान गेलंय, तेवढं ठीक.

दोन काळांत चालणाऱ्या कादंबरीत प्रश्न येतो की कथासारही आळीपाळीने जावं का. दोन्ही काळ एकमेकांना पुढे ढकलत असतील तर परिच्छेदागणिक काळ बदला आणि परिच्छेदाच्या पहिल्या शब्दांतच वर्ष किंवा पिढी सांगा. जुना काळ फक्त एका गुपिताचं स्पष्टीकरण असेल तर ते गुपित नव्या काळात जिथे फुटतं तिथे दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हा. अनेक निवेदक असतील तरी कथासाराला एकच तटस्थ आवाज पुरतो. कोण सांगतंय हे पत्रात लिहिता येतं.

पान तयार झालं की कादंबरी न वाचलेल्या माणसाला ते द्या आणि ‘कसं वाटलं’ असं विचारू नका. पान बाजूला ठेवायला सांगून गोष्ट तोंडी सांगायला लावा. तो जिथे चुकीचं कारण जोडतो किंवा ‘आणि मग काहीतरी होतं’ म्हणतो, ती जागा दुरुस्त करा. दोन नावांत गल्लत करत असेल तर त्यातलं एक नाव काढा.

पाठवताना अर्ज ऑनलाइन असेल तर मजकूर चौकटीत चिकटवल्यावर ठळक अक्षरं आणि समास बऱ्याचदा उडून जातात, तेव्हा परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडा आणि पाठवण्याआधी तिथेच एकदा वाचून घ्या. आणि एखाद्या एजंटच्या सूचनेवरून तुम्ही हस्तलिखितात फेरफार केले असतील, शेवट बदलला असेल, तर पुढच्या एजंटकडे जाणारं कथासारही शेवटाकडून पुन्हा मागे चालून तपासा. एक कडी बदलली की तिच्या आधीच्या दोन-तीन कड्यांची कारणंही बहुधा बदललेली असतात.